लहान मुलांचे बाकदार पाय आणि सपाट तळवे : फोटो पाहून पडणारे प्रश्न

चालायला लागलेल्या मुलाचा फोटो मोठा करून पाहिला की एरवी लक्षात न आलेल्या गोष्टी डोळ्यांत भरतात. गुडघ्यांमध्ये फट दिसते, तळव्याला कमान दिसत नाही, घोटे आत झुकलेले वाटतात. साधारण एक ते चार वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून याबद्दल वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. एकच फोटो पाहून घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका. मुलाचं वय किती, दोन्ही पाय सारखे आहेत का आणि काही महिन्यांत बाक कमी होतोय की वाढतोय, या तीन गोष्टी कळल्याशिवाय फोटोचा अर्थ लागत नाही.

दीड वर्षाच्या मुलाचे पाय फोटोत धनुष्यासारखे दिसतात. हे नॉर्मल आहे का?

या वयात बहुतेक वेळा हो. पोटात असताना बाळाचे पाय मुडपलेले असतात, त्यामुळे जन्मतः गुडघ्यापाशी साधारण १० ते १५ अंशांचा बाहेरचा बाक असतो. बाळ मांडीवर किंवा पाळण्यात असतं तोवर तो कुणाच्या नजरेत येत नाही. मूल उभं राहून चालू लागलं की तो दिसतो आणि घरच्यांना वाटतं की चालायला लागल्यावरच पाय वाकले.

हा बाक कमी होत जातो आणि दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय बऱ्यापैकी सरळ दिसतात. पण वाढ तिथे थांबत नाही. त्यानंतर पाय उलट्या दिशेला झुकतात, म्हणजे गुडघे जवळ येतात आणि घोटे लांब जातात. तीन ते चार वर्षांच्या दरम्यान हे सगळ्यात जास्त दिसतं. मग ते पुन्हा हळूहळू कमी होतं आणि सात-आठ वर्षांपर्यंत पायांना मोठ्या माणसासारखी ठेवण येते. मोठ्या माणसाचे पायही पट्टीने आखल्यासारखे सरळ नसतात, गुडघ्यापाशी ५ ते ७ अंशांचा आतला कोन असतोच. फिनलंडमधल्या संशोधकांनी शेकडो मुलांचे एक्स-रे मोजून हा क्रम १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. आजही बालअस्थिरोगतज्ज्ञ मुलाचे पाय त्याच आलेखाच्या आधाराने पाहतात.

म्हणून ‘पाय वाकडे आहेत का’ याआधी ‘मूल किती महिन्यांचं आहे’ हे विचारावं लागतं. दीड वर्षाचा बाक नेहमीचा असतो, पण तोच बाक तीन वर्षांच्या मुलात दिसला तर तपासणी हवी.

फोटोत दिसतो तितका बाक खरंच असतो का?

बरेचदा नसतो. नुकतं चालू लागलेलं मूल तोल सांभाळायला पाय फाकवून उभं राहतं. मांड्या बाहेर वळलेल्या असतात, गुडघे किंचित वाकलेले असतात. बाहेर वळलेला गुडघा थोडा वाकला की समोरून पाहणाऱ्याला पाय बाजूला बाक आल्यासारखा दिसतो. हाडात तितका बाक नसतोच, गुडघा नेहमीसारखा पुढे वाकलेला असतो, फक्त त्याचा ‘पुढे’ कॅमेऱ्याच्या बाजूला नसतो. जाड डायपरमुळे मांड्या आणखी लांब जातात. त्यात फोटो काढणारा मोठा माणूस उभा राहून वरून फोटो काढतो, मग पाय आखूड आणि आणखी वाकडे दिसतात.

दुसरं कारण नडगीचं. या वयात बऱ्याच मुलांच्या नडगीला आतल्या बाजूला किंचित पीळ असतो. त्यामुळे पावलं समोर असतील तर गुडघ्याच्या वाट्या बाहेर बघतात, आणि वाट्या समोर असतील तर पावलं आत वळतात. पहिल्या स्थितीत पाय फेंगडे दिसतात, दुसऱ्यात मूल पावलं आत टाकून चालतंय असं वाटतं. मूळ कारण एकच आहे. असा पीळ बहुतेक मुलांमध्ये चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप सुटत जातो.

मग फोटो नीट कसा काढायचा?

डायपर आणि पँट काढा, मांड्यांपासून पावलांपर्यंत पाय पूर्ण दिसू द्या. मूल सपाट, कडक जमिनीवर अनवाणी उभं असावं, गादीवर किंवा मऊ सतरंजीवर नको. तुम्ही जमिनीवर बसा, कॅमेरा मुलाच्या गुडघ्यांच्या उंचीवर धरा आणि साधारण दोन मीटर मागे सरका. जवळून काढलेल्या फोटोत आकार बिघडतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गुडघ्याच्या वाट्या कॅमेऱ्याकडे असल्या पाहिजेत. पावलं कुठेही वळू देत, त्याची काळजी नको. गुडघे सरळ असावेत आणि घोटे एकमेकांना हलके टेकलेले. मूल स्थिर उभं राहत नसेल तर दुसऱ्याने मागून काखेत हलका आधार द्यावा, उचलून धरू नये. पायांवर वजन असेल तेव्हाच फोटोचा उपयोग होतो.

असाच एक फोटो मागून घ्या, त्यात टाचा स्पष्ट दिसू द्या. आणि मूल तुमच्याकडे चालत येतंय आणि मग पाठ करून जातंय असा पंधरा-वीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. चालताना गुडघ्याचं काय होतं हे फोटोत कधीच कळत नाही. हे सगळं दर तीन महिन्यांनी, त्याच जागी, तसंच करा. त्याहून लवकर काढलेल्या फोटोत फरक दिसत नाही, आणि रोज पाय निरखत बसलं की काळजी तेवढी वाढते.

हे फोटो कुणाला दाखवायचे असतील तर मांड्यांच्या वरचा भाग आणि चेहरा येणार नाही असे कापून घ्या. मोठ्या ग्रुपवर तर टाकूच नका.

गुडघ्यांमधलं अंतर किती असेल तर जास्त समजायचं?

मुलाला उताणं झोपवा, वाट्या छताकडे राहतील असे पाय सरळ करा आणि आतले घोटे एकमेकांना टेकवा. आता दोन गुडघ्यांमधली फट मोजा. मोजपट्टीपेक्षा आपली बोटं सोपी पडतात, पण मग दर वेळी त्याच माणसाने मोजावं. मूल जोर करत असेल तर मोजू नका, झोपेत असताना मोजा.

दीड वर्षाच्या आसपास तीन-चार सेंटिमीटर फट असणं सर्रास आढळतं. ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर वय काहीही असो, डॉक्टरांना दाखवा. मात्र एका वेळच्या आकड्यापेक्षा पुढच्या वेळचा आकडा जास्त बोलतो. पाच सेंटिमीटरवरून तीनवर आलेल्या पायाची मला तेवढी चिंता वाटत नाही. पण दोन वर्षं उलटल्यावर तीनवरून चारवर गेलेला पाय मी तपासायला सांगेन.

एखादं उदाहरण घेऊन हे सांगता येईल का?

समजा, एक मुलगा अकराव्या महिन्यात चालू लागला. अठराव्या महिन्यात नातेवाइकांनी काढलेल्या फोटोत त्याचे पाय फारच बाकदार दिसले. फोटो वरून काढलेला, डायपर घातलेला, पाय फाकलेले, दोन्ही वाट्या बाहेर. आईने वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा फोटो काढला. बाक होता, पण पहिल्या फोटोच्या निम्माही वाटला नाही. झोपवून मोजल्यावर गुडघ्यांमधली फट साडेतीन सेंटिमीटर भरली. दोन्ही पाय सारखे होते. वाट्या समोर ठेवल्या की पावलं थोडी आत वळत होती, म्हणजे नडगीचा पीळही होता. मुलाची उंची वयाला साजेशी वाढत होती आणि मनगटं जाड नव्हती. चालण्याच्या व्हिडिओत गुडघा बाहेर झटकत नव्हता.

यात तपासण्या करण्यासारखं काही नाही, वाट पाहायची. एकविसाव्या महिन्यात फट दोन सेंटिमीटर झाली. दोन वर्षं पूर्ण होताना गुडघे आणि घोटे दोन्ही एकमेकांना टेकू लागले. इथे बरेच पालक फोटो काढणं थांबवतात, आणि मग सव्वातीन वर्षांचा असताना नवाच धक्का बसतो. गुडघे एकमेकांना लागतात आणि घोट्यांमध्ये पाच सेंटिमीटर अंतर पडतं. आधी बाहेर गेलेले पाय आता आत आले, म्हणजे काहीतरी बिघडलंच, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण क्रम आठवा, या वयात हेच अपेक्षित आहे. सातव्या वर्षापर्यंत ते अंतर फारसं जाणवेनासं होतं.

आता दुसरी मुलगी घ्या. नवव्या महिन्यातच चालू लागली, वजनाने बरीच जास्त. चोवीस महिन्यांची असताना गुडघ्यांमधली फट चार सेंटिमीटर आणि बाक उजव्या पायात जास्त. सत्ताविसाव्या महिन्यात फट साडेपाच सेंटिमीटर. व्हिडिओत उजव्या पायावर भार आला की गुडघा बाहेरच्या बाजूला झटका देतो. इथे वय उलटून गेलंय, दोन पाय सारखे नाहीत आणि बाक वाढतोय. तीन महिने आणखी थांबण्यात वेळ जाईल. तिला आताच बालअस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यायला हवं.

त्या दुसऱ्या मुलीला काय झालेलं असू शकतं?

अशा वेळी ब्लाउंट आजाराची शंका घेतात. नडगीचं हाड वरच्या टोकाला, गुडघ्याच्या लगेच खाली, ग्रोथ प्लेटमधून वाढतं. या प्लेटच्या आतल्या बाजूवर जास्त दाब पडत राहिला की ती बाजू नीट वाढत नाही, बाहेरची मात्र वाढत राहते. त्यामुळे हाड बाकतं, बाकामुळे आतल्या बाजूवर दाब आणखी वाढतो आणि चक्र चालू राहतं. लवकर चालू लागलेल्या आणि वजनाने जास्त असलेल्या मुलांमध्ये हा आजार तुलनेने अधिक दिसतो. पण यावरून लवकर चालणाऱ्या मुलाला बसवून ठेवायचं असा अर्थ काढू नका. लवकर चालणाऱ्या बहुसंख्य मुलांना काहीही होत नाही.

बाक कुठे आहे यावरूनही फरक कळतो. वाढीच्या नेहमीच्या बाकात मांडी आणि नडगी दोन्हींत सौम्य, लांबवर पसरलेलं वळण असतं. ब्लाउंटमध्ये गुडघ्याच्या लगेच खाली जणू कोपरा होतो. डॉक्टर मुलाची नडगी मधल्या भागापासून खाली झाकून फक्त वरचा तुकडा मांडीच्या रेषेत पाहतात. तो तुकडा किंचित बाहेर जात असेल तर बाक सहसा वाढीचाच. तो सरळ किंवा आत जाणारा दिसला तर एक्स-रे काढतात. नीट काढलेल्या फोटोवर हाताने झाकून तुम्हालाही अंदाज घेता येईल, पण त्यावर निर्णय घेऊ नका.

लवकर सापडला तर या आजारात ब्रेस लावून सुधारणेची शक्यता असते. ब्रेसचा काळ साधारण तीन वर्षांच्या आतला आहे. चार वर्षांच्या पुढे तो उपयोगी पडेनासा होतो आणि शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

आणि मुडदूस? तो फोटोवरून ओळखता येतो का?

फक्त पायांच्या फोटोवरून नाही. मुडदुसात ड जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फेट कमी पडल्याने वाढत्या हाडाचं टोक नीट कडक होत नाही, आणि वजन आलं की ते वाकतं. पण हा आजार फक्त पायांपुरता नसतो, म्हणून खुणा इतरत्र शोधायच्या. मनगटं आणि घोटे जाड दिसतात. छातीच्या फासळ्यांवर ओळीने गाठी लागतात. टाळू भरायला आणि दात यायला उशीर होतो. मूल उशिरा चालतं, पटकन दमतं, उंची मागे पडते. बाक दोन्ही पायांत असतो आणि वयाप्रमाणे कमी होत नाही.

यातलं काही दिसलं तर रक्ततपासणी आणि मनगट-गुडघ्याचा एक्स-रे लागतो. वेळेवर औषध सुरू झालं तर लहान मुलांमधला बाक पुढच्या काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, पुष्कळसा भरून येतो. काही कुटुंबांत मुडदुसाचा आनुवंशिक प्रकार असतो, त्यात शरीरातलं फॉस्फेट लघवीवाटे वाया जातं आणि नुसत्या ड जीवनसत्त्वाने भागत नाही. आई-वडिलांपैकी कुणाचे पाय लहानपणापासून बाकदार असतील आणि उंची कमी असेल तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फोटो पाहून स्वतःच्या मनाने ड जीवनसत्त्वाचे मोठे डोस मात्र देऊ नका. पहिल्या वर्षात रोज ४०० युनिट ही सर्वसाधारण मात्रा आहे. त्याच्या कितीतरी पट जास्त औषध चालू राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो.

सरळ एक्स-रेच काढून टाकला तर?

दोन वर्षांच्या आत वाढीचा नेहमीचा बाक आणि सुरुवातीचा ब्लाउंट एक्स-रेमध्येही सहज वेगळे ओळखता येत नाहीत. सारखा, सौम्य आणि वयाला साजेसा बाक असेल तर चांगले डॉक्टर एक्स-रे काढत नाहीत, आणि ते टाळाटाळ करतायत असं समजू नये.

वॉकर, डायपर किंवा लवकर उभं करण्यामुळे पाय वाकतात का?

नाही. डायपरमुळे मूल फाकून चालताना दिसतं, एवढंच. वॉकर टाळायला हवा, पण त्याचं कारण पडण्याचा धोका हे आहे.

फोटोत माझ्या मुलीच्या तळव्याला कमानच दिसत नाही. ती कधी येते?

चालू लागलेल्या जवळजवळ सगळ्या मुलांचे तळवे सपाट दिसतात. कमान जिथे असायला हवी तिथे या वयात चरबीची गादी असते. सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल असतात, त्यामुळे वजन पडलं की पाऊल पसरतं. चरबी कमी होत जाते, बंध घट्ट होतात, आणि कमान साधारण सहा ते दहा वर्षांपर्यंत आकार घेत राहते. ओल्या पायाचा ठसा घेऊन दोन वर्षांच्या मुलाचं निदान करायला बसलं तर घरोघरी सपाट पायच निघतील.

काहींची कमान मोठेपणीही कमीच राहते. दुखत नसेल आणि पाऊल लवचिक असेल तर तो आजार नाही.

पाऊल लवचिक आहे हे घरी कसं पाहायचं?

मुलाला उंच खुर्चीत बसवून पाय लोंबते सोडा आणि बाजूने फोटो घ्या. वजन नसताना कमान दिसू लागते का ते पाहा. मग त्याला चवड्यांवर उभं करा. सांगून या वयाची मुलं ऐकत नाहीत, म्हणून आवडतं खेळणं हाताला जेमतेम लागेल इतक्या उंचीवर ठेवा आणि मागून फोटो घ्या. चवड्यांवर उठल्यावर कमान उमटली आणि एरवी बाहेर झुकणारी टाच आत वळली तर पाऊल लवचिक आहे. दोन वर्षांच्या आत बरीच मुलं असं उभी राहू शकत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. मूल जमिनीवर उभं असताना त्याच्या पायाचा अंगठा हळूच वर उचला, कमान वर येताना दिसते.

मागून काढलेल्या फोटोत टाचा थोड्या बाहेर गेलेल्या आणि घोट्याची आतली बाजू खाली आल्यासारखी दिसणं हा सैल बंधांचाच भाग आहे.

कमान यावी म्हणून खास बूट किंवा इनसोल घ्यावेत का?

दुखत नसलेल्या लवचिक पावलाला गरज नाही. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक ते सहा वर्षांच्या मुलांचे गट करून काहींना तीन वर्षं खास बूट किंवा इनसोल दिले आणि काहींना काहीच वेगळं दिलं नाही. तीन वर्षांनी सगळ्याच गटांची पावलं सुधारली होती, इनसोलवाल्यांची काही जास्त नाही. पालकांना मात्र वाटतं की बुटांमुळे फरक पडला, कारण बूट घालायचं वय आणि कमान येण्याचं वय एकच असतं.

घरात अनवाणी राहू द्या. बाहेरचा बूट मधून सहज वाकणारा, बोटांपुढे थोडी जागा असलेला आणि टाचेला न निसटणारा असावा. एवढं पुरे.

सपाट पाय कधी दाखवायला हवा?

चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल किंवा पाऊल हाताने हलवताना कडक लागत असेल तेव्हा. दुखत असेल, थोडं चालून मूल पाय चोळत बसत असेल, किंवा एकच पाय सपाट असेल तेव्हा. गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे वाकवता येत नसेल तर टाचेची शीर आखडलेली असू शकते, तेव्हाही. जन्मापासूनच तळवा मधे बाहेर फुगलेला आणि कडक असेल तर तो घोट्याचं हाड उभं बसण्याचा जन्मजात दोष असू शकतो, त्यात चालू लागण्याची वाट पाहू नये. पावलातली दोन हाडं एकमेकांना जोडलेली असण्याचा प्रकारही असतो, पण त्याचं दुखणं बहुधा आठ वर्षांनंतर सुरू होतं.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावं?

वर सांगितल्याप्रमाणे काढलेले, तारखा असलेले फोटो, चालण्याचा व्हिडिओ आणि उंची-वजनाच्या नोंदी. मूल कितव्या महिन्यात एकट्याने चालू लागलं, कोणतं जीवनसत्त्व किती चालू आहे, घरात कुणाचे पाय असे होते का, हे लिहून न्या. मूल तिथे रडून उभंच राहिलं नाही तर डॉक्टर व्हिडिओवरूनच चाल पाहू शकतात. लंगडणं, ताप, सुजलेला सांधा किंवा चालणारं मूल अचानक चालायचं थांबणं असेल तर फोटो जमवत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.